‘बोअर’ इंग्रजीत, ‘बघतो’ मराठीत: लाइनवरच्या पहिल्या ओळखीबद्दल

«नोकरीच्या पहिल्या दिवशी ओळख करून देताना एक तर शुद्ध मराठीत बोला, नाहीतर सरळ इंग्रजीत. मराठीत इंग्रजी शब्द घुसडणं म्हणजे दोन्ही भाषा कच्च्या असल्याची कबुली. टेक्निकल शब्दाला मराठी शब्द असतोच, तो वापरा. सगळ्यांना ‘आपण’ म्हणा, आदर दिसतो. आणि सांगली-साताऱ्याची बोली गेटबाहेर ठेवा.»

डिप्लोमा आणि आयटीआय झालेली पोरं कंपन्यांत लागायच्या दिवसांत हा मजकूर फोनोफोनी फिरत असतो. ऐकायला बरा वाटतो, पण लाइनवर उभं राहून तसं बोललं तर काय होतं ते बघायला एकच प्रसंग घेऊ. कुपवाड एमआयडीसीतलं मध्यम आकाराचं मशीन शॉप. ओतकाम बाहेरून येतं, इथं त्यावर सीएनसीवर काम होतं. माल म्हणजे बेअरिंग हाऊसिंग. त्यात ६२०३ नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणून बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं आतलं गोल भोक, ४० मिलिमीटर, ड्रॉइंगवर एच सेव्हन. म्हणजे बोअर ४०.००० ते ४०.०२५ च्या आत हवं. नवा माणूस क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागलाय. शिफ्टच्या सुरुवातीला दहा-बारा जण मशीनपाशी उभे आहेत, सुपरवायझरनं ‘हे आपले नवीन क्वालिटीचे’ एवढं म्हणून त्याच्याकडं बघितलंय. त्याच्याजवळ फार तर पाऊण मिनिट आहे. शेजारी कॉम्प्रेसर चालूच आहे.

कच्चेपणाच्या आरोपापासून सुरू करू. लाइनवरचं एक साधं वाक्य घ्या: ‘इन्सर्ट बदलला, ऑफसेट दिला, पण दुसऱ्या पीसला बोअर परत मोठं आलं.’ यात चार शब्द इंग्रजी आहेत आणि चारही नामं आहेत. क्रियापदं, प्रत्यय, ‘पण’, ‘परत’ सगळं मराठी. शिवाय प्रत्येक इंग्रजी नामाला मराठीनं लिंग दिलंय आणि क्रियापद त्याच्या मागं गेलंय: इन्सर्ट बदलला, टूल तुटलं, शिफ्ट संपली, बॅच अडकली, रिपोर्ट दिला, ड्रॉइंग आलं. हे कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नसतं, तरी ‘बॅच अडकला’ म्हटलं की अख्खी लाइन मान वळवून बघते. ‘रिपोर्ट दिली’ म्हटलं तर हा माणूस हिंदीतून विचार करून बोलतोय हे लगेच कळतं, कारण ते लिंग हिंदीचं आहे. ‘मशीन’ मात्र दोन्ही चालतं, ‘मशीन बंद पडलं’ आणि ‘मशीन बंद पडली’. तुमची लाइन जे म्हणते ते म्हणा.

प्रत्ययांचंही तसंच. जुने मुरलेले शब्द सामान्यरूप घेतात: टेबलावर, बँकेत. नवे शब्द तसेच राहतात आणि त्यांना ‘मध्ये’, ‘वर’, ‘ला’ चिकटतं: फिक्स्चरमध्ये, स्पिंडलवर, शिफ्टला. ज्याची मराठी खरोखर कच्ची आहे त्याला हे न अडखळता जमत नाही. मिसळलेलं बोलणं म्हणजे ढिलं बोलणं, असं ज्याला वाटतं त्यानं दहा वाक्यं चुकीच्या लिंगात बोलून बघावीत.

मिसळ बिघडते ती दुसऱ्या ठिकाणी. नामांच्या जोडीला क्रियापदं आणि जोडशब्दही इंग्रजीतून यायला लागले की वाक्याचा कणा जातो. हे बघा: ‘हाय, मी क्वालिटी जॉइन केलंय, मी बेसिकली इन-प्रोसेस हँडल करणार, सो फर्स्ट पीस अप्रूव्ह झाल्याशिवाय प्रॉडक्शन रन नका करू, काही इश्यू असेल तर मला अप्रोच करा.’ ऐकणाऱ्या ऑपरेटरला यातले सगळे शब्द माहीत असतात. अडचण शब्दांची नाही. ‘हँडल करणार’ म्हणजे तू मोजणार, सही करणार, की नुसता रजिस्टर भरणार? ‘अप्रूव्ह’ कोण करणार? ‘अप्रोच’ कुठं करायचं, टेबलावर की फोनवर? इंग्रजी क्रियापदाला ‘करणे’ जोडलं की नेमकं काय करायचं तेच गळून पडतं. मराठीत ‘मोजतो’, ‘बघतो’, ‘सही करतो’, ‘दाखवा’, ‘थांबवा’ म्हटलं की काम दिसतं. ‘चेक करणे’, ‘सेट करणे’ यांसारखी जोडक्रियापदं लाइनवर रुजलेली आहेत, त्यांचा अर्थ ठरलेला आहे, ती खुशाल वापरा. बाकीच्यांना मराठी क्रियापद शोधा. ‘बेसिकली’, ‘ॲक्चुअली’, ‘सो’ यांच्याबद्दल मूळ मजकूर लिहिणाऱ्याशी भांडण नाही. ते गेले तर कुणाचं काही अडत नाही.

आता सगळीकडं मराठी शब्द वापरण्याचा आग्रह. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत, त्यातले शब्द पाठ्यपुस्तकात आणि सरकारी पत्रात शोभतात. १९६४ चा राजभाषा अधिनियम सरकारी कामकाजासाठी आहे. मशीन शॉपमधल्या बोलण्याला त्यातलं काही लागू नाही. इथं शब्द निवडायची कसोटी वेगळी आहे: ऐकणाऱ्याला तो शब्द कुठं लिहिलेला दिसतो? ड्रॉइंगवर, जॉब कार्डावर, गेजच्या डबीवर, मशीनच्या स्क्रीनवर जो शब्द छापलाय तोच तोंडात हवा. बोअर, फेस, रनआउट, टॉलरन्स, ऑफसेट हे त्या यादीतले. ‘सहिष्णुता पंचवीस मायक्रॉन आहे’ असं कुणी म्हणालं तर लाइन हसेलच, पण खरी अडचण अशी की ऑपरेटर ते ड्रॉइंगवर शोधायला गेला तर त्याला सापडणार नाही.

उलट बाजूनं, जे मराठीत छापल्याशिवायच चालत आलंय त्याला इंग्रजी घालायची गरज नसते. किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला १९१० साली. तेव्हापासून या पट्ट्यात कारखान्याची मराठी बोलली जातेय. आटे, पाना, कानस, साचा, भट्टी, ओतकाम, जॉब बांधणं, नग हे शब्द त्यातलेच. ‘थ्रेड डॅमेज झालेत’पेक्षा ‘आटे गेलेत’ लवकर कळतं, आणि बोलणारा शॉपमध्ये वावरलेला आहे हेही कळतं.

यातलं सर्वांत धोक्याचं मात्र वेगळंच आहे: निकालाचे शब्द. क्वालिटीच्या माणसाच्या तोंडून आलेला ‘ओके’ हा निकाल असतो. बोलताना मध्ये मध्ये ‘ओके, ओके’ म्हणायची सवय कॉलेजातून येते. ऑपरेटर हातात पहिला पीस घेऊन सेटिंगबद्दल सांगतोय, आणि नवा साहेब मान हलवत ‘ओके... ओके’ म्हणतोय. ऑपरेटर वळून सायकल स्टार्ट दाबतो. पहिला पीस कुणी मोजलेलाच नसतो. दोन तासांनी कळतं तेव्हा सगळा लॉट पसरलेला असतो आणि ‘तुम्हीच ओके म्हणालात’ हे खरंही असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून हुंकारासाठी ‘हं’, ‘बरं’, ‘कळलं’ वापरा. ‘ओके’ हा शब्द मोजून झाल्यावर, सही करतानाच काढा.

‘होल्ड’, ‘रीवर्क’, ‘रिजेक्ट’ यांचंही तसंच. बहुतेक शॉपमध्ये यांना टॅगचे आणि क्रेटचे रंग ठरलेले असतात, रिजेक्टला लाल, होल्ड किंवा रीवर्कला पिवळा, अशी पद्धत सर्रास दिसते. तुमच्या शॉपचे रंग आधी विचारून घ्या. मराठीचा मान राखायचा म्हणून कुणी ‘हे जरा बाजूला ठेवा’ म्हटलं, तर ते कोणत्या क्रेटमध्ये जाणार? बाजूला ठेवलेला होल्डचा माल संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टनं चांगल्या मालात मिसळल्याचे प्रकार नवीन नाहीत. ‘होल्डला लावा, पिवळा टॅग लावा’ म्हटलं की प्रश्न उरत नाही.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं भाषेची निवड थेट मापात उतरते. मराठी आकडे एकमेकांच्या फार जवळ वाजतात. पंचवीस आणि पस्तीस घ्या. आपल्या बोअरला ४०.०२५ म्हणजे शेवटची हद्द, माल चांगला. ४०.०३५ म्हणजे दहा मायक्रॉन मोठं, आणि मोठं झालेलं बोअर लहान करता येत नाही, बेअरिंग त्यात ढिलं बसतं. कॉम्प्रेसरच्या आवाजात ‘पंचवीस आलंय’ आणि ‘पस्तीस आलंय’ यांत फरक किती ऐकू येतो? म्हणून माप सांगताना इंग्रजीत एकेक अंक: ‘फॉर्टी पॉइंट झिरो टू फाइव्ह’. एकोणतीस-एकोणचाळीसचा घोळ तर वेगळाच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लाइननं तो वाद आपल्या पद्धतीनं केव्हाच मिटवून टाकलाय: माप अंकाअंकानं इंग्रजीत, नग आणि वेळ मराठीत. ‘दीडशे नग’, ‘साडेदहाला’, ‘दर दोन तासांनी’ हे मराठीतच बरं. मापात मात्र ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ कधीच नको. ‘पावणेदोन’ म्हणजे १.७५, हे तरुण ऑपरेटरला डोक्यात बदलून घ्यावं लागतं आणि तिथंच चुकतं.

एवढं झाल्यावर ओळख कशी दिसते? आधी फिरत्या सल्ल्याप्रमाणं शुद्ध मराठीतली: ‘मी गुणवत्ता विभागात अभियंता या पदावर रुजू झालो आहे. प्रथम नगाची तपासणी झाल्याशिवाय उत्पादन सुरू करण्यात येऊ नये. आपणांस काही अडचण आल्यास माझ्याशी संपर्क साधावा.’ व्याकरणात खोट नाही. पण ‘झालो आहे’, ‘करण्यात येऊ नये’, ‘साधावा’ ही नोटीस बोर्डाची मराठी आहे. तपासणी कोण करणार ते यात नाही, आदेश मात्र आहे. ऐकणारे हात मागं बांधून ‘होय साहेब’ म्हणतात आणि आपापल्या मशीनवर जातात.

आता ही बघा, ‘अमुक’च्या जागी नाव-आडनाव घाला:

‘नमस्कार. मी अमुक, मूळचा विट्याचा. आजपासून क्वालिटीला आहे, फर्स्ट शिफ्टला. याआधी दोन वर्षं पंप हाऊसिंगच्या लाइनवर इन-प्रोसेस इन्स्पेक्शन बघत होतो. इथं बेअरिंग हाऊसिंगची लाइन माझ्याकडं दिलीय. सेटिंग झालं की पहिला पीस मला दाखवा. मी बोअर आणि फेस मोजून कार्डावर सही करतो, तोवर बॅच सुरू करू नका. नंतर दर दोन तासांनी मी मशीनवर येईन. बोअर गेज कुठं असतं आणि मास्टर रिंग कुणाकडं असते, तेवढं आज मला दाखवा. मी इन्स्पेक्शन टेबलापाशीच आहे.’

सावकाश म्हटलं तरी पाऊण मिनिटात बसतं. इंग्रजी शब्द बरेच आहेत, पण एकूण एक नाम आहे, आणि बहुतेक गोष्टी समोर बोट दाखवता येण्यासारख्या आहेत. क्रियापदं बघा: बघत होतो, दिलीय, दाखवा, मोजून, सही करतो, येईन. कोण, काय, कधी हे प्रत्येक वाक्यात आहे. ‘मास्टर रिंग कुणाकडं असते’ हा प्रश्न मुद्दाम घातलाय. बोअर गेज मास्टर रिंगवर शून्याला लावल्याशिवाय त्याच्या मापाला अर्थ नाही, हे जाणणारा माणूस पहिल्याच दिवशी रिंग विचारतो. डिग्री सांगण्यापेक्षा या एका वाक्यानं लाइनला जास्त कळतं. गावाचं नाव एकदा पुरे. त्याला धरून कोण कुठल्या वाडीचा ही चौकशी चहाच्या वेळेला आपोआप होते.

त्याच दिवशी प्लांट हेडच्या केबिनमध्ये हीच ओळख वेगळी होते. इंग्रजी नामं वाढतात, कारण तिथं बोलणं कागदांबद्दल असतं, गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याचे, प्रोसेसच्या आकडेवारीचे, गेजच्या मापावर किती विसंबायचं त्याचे कागद: ‘सर, पीपॅपची कागदपत्रं मी केलीयत, कंट्रोल प्लॅन वाचून लाइनवर लावलाय, एसपीसीचा डेटा रोज भरत होतो. गेज आर अँड आर मात्र मी स्वतः केलेली नाही, बघितलीय.’ क्रियापदं इथंही मराठीच राहतात, आणि त्यांच्यामुळंच ‘केलीयत’ आणि ‘बघितलीय’ यातला फरक स्वच्छ राहतो. ‘माझं गेज आर अँड आरमध्ये एक्स्पोजर आहे’ म्हटलं असतं तर प्लांट हेडला पुढचे दोन प्रश्न विचारावे लागले असते. आणि चेन्नईच्या गिऱ्हाइकाशी कॉल असेल तर सरळ इंग्रजी. तिथं वाक्याच्या मध्ये मराठी आणू नका. लाइनवरच्या माणसाला काही विचारायचं तर कॉल म्यूट करून पूर्ण वाक्य मराठीत विचारा, मग परत इंग्रजीत या. फिरत्या मजकुराचं ‘सरळ इंग्रजीत’ एवढ्यापुरतं खरं आहे.

‘आपण’बद्दल. मराठीत ‘आपण’ दोन कामं करतो: समोरच्याला मान देतो, आणि बोलणारा-ऐकणारा दोघांना मिळून एकत्रही घेतो. ‘आपण हा पीस मोजावा’ म्हटल्यावर मोजायचं कुणी, तुम्ही की आपण सगळ्यांनी? मंचावर सूत्रसंचालन करताना हे चालतं, मशीनपाशी नाही. मान द्यायला ‘तुम्ही’ पुरेसा आहे, आणि तो सगळ्यांना द्या, काल लागलेल्या ट्रेनी पोरालाही. ‘तू’ आपल्या मनानं पहिल्या दिवशी कुणालाच नको.

मात्र ‘आपण’चा दुसरा अर्थ इथं सोन्यासारखा आहे आणि तो वापरत नाहीत. ‘आम्ही क्वालिटीवाले तुमचा माल तपासणार’ या वाक्यात शब्द सगळे सभ्य आहेत, तरी एका दमात दोन पार्ट्या तयार झाल्या. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपल्या लाइनवरचा माल’, ‘गिऱ्हाईक आपल्याला विचारणार’ म्हटलं की तो आत येतो. जिथं जबाबदारी एकट्याची आहे तिथं ‘मी’: सही मी करतो. तिथं ‘आपण बघू’ म्हणणं म्हणजे अंग काढून घेणं. आणि ‘आमच्या आधीच्या कंपनीत असं करायचे’ हे वाक्य पहिला महिनाभर गिळून टाका. त्यातला ‘आमच्या’ ऐकणाऱ्याला फार टोचतो.

नात्याचे शब्द जपून. या भागात वयस्कर ऑपरेटरला मामा, काका, अण्णा, तात्या काहीही म्हणतात, पण ती हाक लाइननं दिलेली असते, त्याला काही वर्षं लागलेली असतात. पहिल्या दिवशी आडनावापुढं काका किंवा साहेब लावा, मग इतर जण काय म्हणतात ते ऐकून तेच उचला. बायकांच्या बाबतीत एक सावधगिरी: इन्स्पेक्शन टेबलावरच्या बाईंना ‘मॅडम’ आणि झाडलोट करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ अशी विभागणी नकळत होते आणि ती सगळ्यांना दिसते. दोघींनाही ‘ताई’ म्हणता येतं.

राहता राहिली बोली. ‘इथं’, ‘माझ्याकडं’, ‘दिलीय’ ही रूपं वरच्या ओळखीत तशीच ठेवलीयत, ‘येथे’, ‘माझ्याकडे’, ‘दिली आहे’ करून घेतलेली नाहीत. सांगलीकडं ‘करायलोय’, ‘गेल्तो’ सहज येतं. तुमच्या तोंडात असेल तर येऊ द्या, लाइनवर त्यानं अर्थ अडत नाही. केबिनमध्ये ‘करतोय’, ‘गेलो होतो’ होतं ते बहुतेकांचं न ठरवताच होतं. वाईट दिसतं ते उलटं: पुण्यामुंबईहून आलेल्यानं जवळीक दाखवायला ‘काय मंग, लई भारी’ सुरू करणं. त्यात ऐकणाऱ्याला आपली नक्कल ऐकू येते. ज्याची बोली त्यानं बोलावी, परक्यानं साधी बोली मराठी बोलावी.

एक गोष्ट मात्र सल्ला देणाऱ्याच्या ध्यानातही नाही. कुपवाड-मिरजेच्या शॉपमध्ये सगळे मराठी नसतात. उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे ऑपरेटर असतात, जत आणि मिरजेच्या बाजूचे कन्नड घरचेही असतात. कन्नडवाल्यांना मराठी बहुधा येतं. हिंदीवाल्यांसाठी ओळखीच्या शेवटी दोन वाक्यं हिंदीत पुन्हा म्हणा, आणि ती कुठली म्हणायची ते ठरवून या: पहिला पीस मला दाखवल्याशिवाय बॅच सुरू करायची नाही, आणि मी कुठं सापडेन. बोअर, पीस, बॅच, होल्ड हे शब्द दोन्हीकडं तेच राहतात, फक्त बॅच तिकडं ‘चालू हुआ’, इकडं ‘चालू झाली’ आणि रिपोर्ट तिकडं ‘दी’, इकडं ‘दिला’, एवढं सांभाळा.